बरणीतल्या गोळ्या

मी भांडखोर आहे असं घरचे म्हणतात. म्हणू देत. मालवणच्या ज्या मुलींच्या वसतिगृहात मी साठ सालानंतर नर्स होते, तिथे थोडी कमी भांडले असते तर पेन्शन तरी मिळालं असतं.

मुली आसपासच्या गावांतल्या. कुणाचे वडील बोटीवर, कुणाचे शेतात, पुष्कळांचे मुंबईच्या गिरणीत. पावसाळा लागला की एकीला सर्दी झाली म्हणजे आठवड्यात निम्म्या मुली नाक पुसत. म्हणून मी एक खोली भांडून मिळवली होती. विहिरीकडच्या बाजूची, चार खाटांची, दोन्हीकडून वारा येणारी. जिला खोकला, ताप, तिने तिथे झोपायचं. तांब्या वेगळा, पंचा वेगळा. औषध म्हणाल तर गरम पेज, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या आणि झोप. ती खोली हीच माझी मिळकत होती असं मी आजही मानते.

त्या वर्षी शाळा उघडली आणि संस्थेचे अध्यक्ष दोन खोकी घेऊन आले. त्यांच्या मेहुण्याची मुंबईत औषधांची एजन्सी होती. पिवळ्या गोळ्या, त्यात क जीवनसत्त्व आणि जस्त. रोज पहाटे प्रार्थनेआधी उपाशीपोटी एक घेतली की सर्दी-पडसं, घसा, काही म्हणजे काही होणार नाही, असं त्यांनी मुलींना रांगेत उभं करून सांगितलं.

मी विचारलं, "साहेब, क जीवनसत्त्व मिळालं नाही तर हिरड्यांतून रक्त येतं, हे आम्हाला शिकवलंय. पण आमच्या मुली करवंदं, कैऱ्या, पेरू, आवळे दिसतील तिथे खातात. त्यांना ते कमी कुठे पडतंय? आणि जस्त मी आजवर मलमात आणि डोळ्यांच्या थेंबांत पाहिलंय. ते खाऊन सर्दी येत नाही, हे कुणी पाहिलं?"

"बाई, तुम्ही गोळ्या वाटा," ते म्हणाले. "शंका मुंबईची माणसं काढतील."

वाटल्या. पहिला महिनाभर प्रत्येकीला माझ्यासमोर गिळायला लावली, जीभ बाहेर काढून बघितली. मन लावून केलं, कारण खोटं ठरवायचं तर तेही नीट तपासूनच ठरवायला हवं. आठवड्याच्या आत मुली प्रार्थनेच्या मध्येच उठून बाहेर धावू लागल्या. उपाशीपोटी जस्त गेलं की मळमळतं, कुणाकुणाला उलटीही होते. आणि सर्दी? दरवर्षी येते तशी आली. माझ्या चारही खाटा भरल्या. नंतर एक गोष्ट मला वाटली, तीही सांगते, लपवत नाही. काहींची सर्दी मागच्या वर्षीपेक्षा थोडी लवकर आवरली असावी. पण मागच्या वर्षी मी दिवस मोजले नव्हते, त्यामुळे शपथेवर सांगणार नाही. यायची ती मात्र आलीच.

हे सगळं मी अध्यक्षांना लिहून दिलं. त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "तुमचाच विश्वास नाही, मग मुलींचा कसा बसेल?" असं म्हणून त्यांनी गोळ्यांचं काम माझ्याकडून काढून अधीक्षिकाबाईंना दिलं. त्या बिचाऱ्या भल्या. ताटलीत गोळ्या ठेवायच्या आणि डोळे मिटून प्रार्थना सुरू करायच्या.

आणि बघा, गणपती झाल्यावरचा अख्खा महिना एकही मुलगी आजारी पडली नाही. खोली रिकामी. अध्यक्षांना आकाश ठेंगणं झालं. ते एक छापलेला कागद घेऊन आले. मजकूर असा, की या वसतिगृहात नियमित गोळ्या दिल्यापासून एकाही मुलीला संसर्ग झाला नाही. खाली परिचारिकेची सही. तो कागद एजन्सीच्या जाहिरातीत जाणार होता.

"आणि आता ती आजाऱ्यांची खोली कशाला हवी?" ते म्हणाले. "पुढच्या सोमवारी मोकळी करा. मालाची खोकी ठेवायला होईल."

माझं डोकं सणकलं. पण खरं सांगते, थोडी डगमगलेही. पूर्ण महिना कोणी खोकलं नव्हतं, हे खरंच होतं. न जाणो, मीच चुकत असले तर? सहीला दोन दिवस मागून घेतले आणि स्वयंपाकघरात जाऊन बसले.

आमची स्वयंपाकीण काकी नारळ खवत होती. तिला सगळं सांगितलं. तिचा हात थांबला. मग ती उठली आणि फळीवरच्या मडक्यांमागून लोणच्याची बरणी काढून माझ्यापुढे ठेवली. बरणी पिवळ्या गोळ्यांनी गळ्यापर्यंत भरलेली.

"ह्या काय गो काकी?"

"चेडवांका उपाशीपोटी घेतल्यार उमळता," ती म्हणाली, म्हणजे मुलींना मळमळतं. "तोंडात धरतत आणि मगे माझ्याकडे आणून देतत. औषध फेकून दिल्यार पाप लागता, म्हणान ठेवलंय. आमट लागता, तर माशाच्या कढीक घालून बघूया म्हटलंय. घातलंय एक दिवस. कळकलेल्या ताकासारखी लागली कढी, सगळी ओतून टाकूची लागली."

मी पोटभर हसले. मग मुलींना विचारलं. खाली मान घालून सगळ्यांनी कबूल केलं. महिनाभर कुणीच एकही गोळी गिळली नव्हती.

म्हणजे गिळल्या त्या महिन्यात सर्दी, आणि बरणीत गेल्या त्या महिन्यात ठणठणीत. यावरून न गिळणं हाच उपाय, असंही मी म्हणणार नव्हते. साथ कधी येते, कधी येत नाही. न आलेल्या सर्दीचं श्रेय जो पुढे होईल तो घेतो, एवढंच. पुढे खूप वर्षांनी मोठ्या डॉक्टरांकडून ऐकलं, की रोज क जीवनसत्त्व घेऊन साध्या माणसाची सर्दी टळत नाही, फार तर थोडी लवकर आटपते. जस्ताचं अजून तळ्यात-मळ्यात चालू आहे, टाळण्याचा भरवसा त्याचाही नाही. तेव्हा माझ्याकडे एवढं ज्ञान नव्हतं. बरणी होती.

ती मी अध्यक्षांच्या टेबलावर ठेवली आणि कशी भरली ते सांगितलं. त्यांनी उठून दार लोटून घेतलं.

"कुणाला सांगितलंत?"

"अजून नाही."

"मग ही समुद्रात टाका आणि सही करा. नाहीतर त्या स्वयंपाकिणीलाही जावं लागेल आणि तुम्हालाही."

"काकीला हात लावाल तर ही बरणी मी बाजारात नेऊन ठेवीन," मी म्हटलं. "माझं काय करायचं ते करा."

त्यांच्यासमोरच छापलेला मजकूर खोडला आणि खाली लिहिलं: पहिल्या महिन्यात गोळ्या घेतल्या, सर्दी झाली. गणपतीनंतरच्या महिन्यात घेतल्या नाहीत, झाली नाही. यावरून गोळ्यांनी संसर्ग टळतो असं सिद्ध होत नाही. त्याखाली ठसठशीत सही केली. एरवी माझं अक्षर किडमिडं आहे.

"मग टळतं तरी कशानं?" त्यांनी विचारलं. आता आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होते.

"सगळं टळत नाही, साहेब. एकीचं दुसरीला लागू नये म्हणून हात धुवायचे आणि वेगळं झोपवायचं."

"एवढंच?"

"एवढंच. त्याला खोली लागते."

त्यांनी कागद घडी करून खिशात घातला. जाहिरातीत तो कधी आला नाही. काकी तिथेच राहिली. मला दिवाळीच्या सुट्टीआधी काढलं. कारण दिलं, उद्धटपणा. ते मला मान्य होतं.

जायच्या दिवशी शिपाई आजाऱ्यांच्या खोलीला लावायला कुलूप घेऊन आला. वारं फिरलं होतं आणि आत तिघी खोकत झोपल्या होत्या. त्याने दारातून आत पाहिलं आणि कुलूप घेऊन परत गेला.