मध्येच उठून गेलेली माणसं

उल्का लिमयेला स्वस्थ बसलेलं पाहिलेला माणूस रत्नागिरीत सापडायचा नाही. चहा उभ्याने, जेवण उभ्याने, आणि बसलीच तर पाय हलतोय. आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे. दापोलीला शेतकी शिकून आली आणि बागायतदारांच्या आमच्या छोट्याशा संस्थेत चिकटली. चिकटली म्हणजे काय, तेवढ्याच गोष्टीला चिकटली. मी तिथे कॅमेरा चालवायचो आणि टीव्ही उचलायचो. म्हणजे तिच्यामागे धावायचो.

आमचं काम साधं होतं. आंबा-काजूवर व्हिडिओ काढायचे, सीडीवर भरायचे आणि संध्याकाळी एखाद्या गावाच्या देवळातल्या सभामंडपात टीव्ही मांडून दाखवायचे. दहा व्हिडिओ झाले होते. आठ छोटे, आठ ते बारा मिनिटांचे. दोन मोठे, चाळीस मिनिटांचे. प्रत्येक खेळाला सुरुवातीला हजर असलेली डोकी मी मोजायचो आणि दर पाच मिनिटांनी त्यातली किती उरली ते पाहायचो. मागाहून आलेल्यांना धरायचं नाही, हा नियम उल्काचाच.

छोट्यांपैकी एक तिच्या जिवाजवळचा होता. आदल्या हंगामात एका बागेत औषध मारणारा गडी मोहोराखालीच कोसळला होता. वाचला. उल्का त्याला दवाखान्यात बघून आली. मग हट्टाने तिने फवारणीवर व्हिडिओ केला. औषध कसं निवडावं, किती लागतं, आणि मारताना काय जपावं, सगळं आठ मिनिटांत.

दोन हजार पाचच्या दिवाळीनंतर अध्यक्ष आत्मारामनानांनी बैठक बोलावली. आमच्या रितेशने संगणकावर, दर पाच मिनिटांनी शंभरातले किती उरले, याची सगळ्या व्हिडिओंची सरासरी काढून रेघ आखली होती. रेघ आधी उतरत होती, आणि पंधराव्या मिनिटापासून टेकाड चढावं तशी वर.

"बघा," नाना म्हणाले, "सुरुवातीला चुळबुळ करतात, पण एकदा बसले की बसतात. म्हणजे मोठेच करायला हवेत. तुझी ती फवारणी चाळीस मिनिटांची कर. तोवर ती बंद ठेवू."

चाळीस मिनिटांचा व्हिडिओ करायचा म्हणजे शिमगा उजाडणार. मोहोर काय आमच्यासाठी थांबणार होता? फवारण्या महिन्याभरात सुरू व्हायच्या होत्या. उल्काचा चेहरा उतरला. माझंही डोकं फिरलं, पण अध्यक्षांपुढे बोलायची माझी छाती नव्हती. ती मात्र उठून भिंतीवरच्या रेघेपुढे येरझारा घालू लागली.

"रितेश, आपण सुरुवातीला असलेली माणसंच मोजतो ना?"

"हो."

"मग रेघ वर कशी जाते? उठून गेलेला माणूस मोजणीत परत येत नाही. एकेका व्हिडिओची रेघ उतरेल नाहीतर सपाट राहील. चढेल कशी?"

रितेशने आकडे पुन्हा चाळले. मग तोच म्हणाला, "पंधराव्या मिनिटाला छोटे व्हिडिओ संपलेले असतात. तिथे सरासरीत दोन मोठेच उरतात."

"आणि ते दोन कोणाला दाखवले? कलमांचं शिकायला नावं नोंदवून संगमेश्वराहून आलेल्यांना. ते कशाला उठतील? रेघ माणसं बसली म्हणून चढलेली नाही, नाना. बाकीचे आठ त्यातून गळले म्हणून चढली."

नाना चिडले नाहीत, हे त्यांचं चांगलं. त्यांनी फक्त विचारलं, "मग तोलायचं कसं? लहान-मोठं एका काट्यावर घालायचं कसं?"

रितेश म्हणाला, प्रत्येक व्हिडिओ अर्धा झाल्यावर किती उरले ते धरू. उल्काने नकारार्थी मान हलवली. आठ मिनिटांचा अर्धा म्हणजे चार मिनिटं, चाळिसाचा वीस. वीस मिनिटं मांडी घालून बसणं आणि चार मिनिटं बसणं सारखं कसं? ती म्हणाली, तेही पाहू, पण आधी जेवढा वेळ दहाही चालू आहेत तेवढाच धरू. पाचव्या मिनिटाला, सुरुवातीच्या शंभरातले किती उरले? त्यापुढे मोठ्यांचं काय होतं ते फक्त मोठ्यांचं, त्यावरून छोट्यांना नापास करायचं नाही.

रितेशने तिथेच आकडे मांडले. दोन्ही मोठे नव्वदीच्या वर. छोट्यांतलेही चार नव्वदीच्या वर. तीन थोडे खाली. लांबीचा काही संबंध दिसेना, आणि नानांनी मोठ्यांचा हट्ट सोडला. मी मनात म्हटलं, जिंकलो. मग उल्काचा पाय हलायचा थांबला, म्हणून मी पडद्याकडे पाहिलं. सगळ्यात तळाला, शंभरात साठ, फवारणी होती.

परतताना ती माझ्यापुढे झपाझप चालत होती. "पाचव्या मिनिटाचा नियम तूच घातलास," मी चिडवायला गेलो, आणि लगेच जीभ चावली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

दुसऱ्या संध्याकाळी अंजनवेलच्या बाजूला एका गावात फवारणीचाच खेळ होता. उल्का टीव्हीजवळ थांबलीच नाही. दाराशी जाऊन उभी राहिली. पुढे खुर्च्यांवर बागायतदार, मागे दाराला टेकून गडी, हा आमच्याकडचा रिवाज. त्याचं कोणाला काही वाटत नाही, मलाही कधी वाटलं नव्हतं. तिसऱ्या मिनिटाला दाराशी हालचाल सुरू झाली. खुर्च्या भरलेल्या होत्या. जात होते ते गडी. मी इतके महिने डोकी मोजत होतो, पण कोणाची ते कधी बघितलंच नव्हतं.

केरू नावाचा पन्नाशीचा गडी पायऱ्या उतरत होता. उल्काने त्याला गाठलं.

"काका, का निघालात?"

"औषध खयचा घ्यायचा, कितीक पैसं पडतील, ता मालकांचा काम, बाय. आमी फकस्त मारतंव."

मारणाऱ्यांनी काय जपायचं ते सहाव्या मिनिटाला येत होतं. शेवटी आम्ही विचारायचो, समजलं का? सगळे हात वर करायचे. वर व्हायचे ते हात कधी पंपाला लागलेले नसायचे. उल्का पायरीवर मटकन बसली. तिला बसलेलं बघून मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू.

चार दिवस आम्ही दोघांनी कापाकापी केली. गड्यांचा भाग पहिला आणला. वाऱ्याकडे पाठ, नाकातोंडाला फडकं, हातमोजे, भाकरीआधी साबणाने हात. औषधाची निवड आणि खर्च मागे ढकलला. मग त्याच गावात परत गेलो आणि केरूला निरोप धाडला.

या वेळी दाराशी कोणी हललं नाही. केरू दोन पावलं आत आला. खुर्च्या मात्र कुरकुरू लागल्या. साबण आणि फडक्यांत मालकांना काय रस? एकेक जण विडी ओढायला अंगणात गेला, केरूचे मालक महिपतरावही. माझा आकडा पुन्हा साठाच्या आसपासच आला. रितेशच्या तक्त्यात काही म्हणजे काहीच बदललेलं दिसणार नव्हतं.

व्हिडिओ संपला. उल्काने विचारलं, समजलं का? हात कोणी वर केला नाही. केरू म्हणाला, "समाजला, बाय. पन ते हातमोजं आन् साबन आमाला देनार कोन?"

उल्काने रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं. मग ती तडक अंगणात गेली. मी दारातून बघत होतो.

"महिपतराव, विडी टाका आणि आत चला," ती म्हणाली. "तुमच्या गड्याने प्रश्न विचारलाय. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही."