इवाई आणि कूलर

नागपूरला, बेसा भागातल्या माझ्या घरी, खालच्या हॉलमध्ये मी जर्मन शिकवतो. नोकरीत जर्मन यंत्रांशी आणि ती बसवायला येणाऱ्या माणसांशी आयुष्य गेलं, त्यातून भाषा आली. आता तिकडे नोकरीला निघालेल्या नर्स शिकायला येतात. त्यातल्या एकीच्या यशाचं श्रेय लोक मला देतात. ते माझं नाही, हे एकदा लिहून मोकळं व्हायचं आहे.

वाक्याच्या मधल्या भागात शब्द कोणत्या क्रमाने येतात, हे मी माणसं उभी करून शिकवतो. खिडकीशी एक खुर्ची, ती ‘इश विल’, म्हणजे ‘मला जायचंय’मधलं ‘मला’ आणि ‘-यचंय’. दाराशी दुसरी, ती ‘फारेन’, म्हणजे ‘जाणं’. मधे चौघं गळ्यात पाट्या अडकवून उभे. आधी वेळ, मग कारण, मग रीत, शेवटी ठिकाण: मॉर्गन, वेगन डेर आर्बाइट, मिट डेम त्सूग, नाख बर्लिन. उद्या, कामासाठी, रेल्वेने, बर्लिनला. आपणही सहज बोलताना असंच म्हणतो. त्यामुळे कठीण काही नव्हतं. मी ते कठीण केलं.

त्या उन्हाळ्यात वर्गात माझे इवाई होते, म्हणजे मुलीचे सासरे. मुलगी-जावई जर्मनीत असतात. तिथल्या शेजाऱ्यांशी दोन शब्द बोलता यावेत म्हणून ते गावातल्या महाल भागातून ऑटोने यायचे. नाख बर्लिनची पाटी त्यांनी स्वतःच मागून घेतली, कारण बर्लिनला जायची हौस सगळ्यात जास्त त्यांनाच. आणि कूलर होता खिडकीशी.

पहिल्याच दिवशी ते पाटी गळ्यात घालून सरळ कूलरपुढे, ‘इश विल’ला खेटून उभे राहिले. बाकी तिघं आदराने मागे सरकले. आता मुलीच्या सासऱ्याला, नागपूरच्या मे महिन्यात, कूलरपुढून उठवून दाराच्या झळीत कोण उभं करणार? मी म्हटलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशीही तेच म्हटलं. फळ्यावर ठिकाण शेवटी लिहिलेलं असायचं आणि डोळ्यांसमोर ते सगळ्यात आधी, रुमालाने मान पुसत उभं असायचं.

उमरेडकडची एक नर्स होती, विणकराच्या घरातली. तिकडच्या नोकरीसाठी लागणाऱ्या जर्मनच्या बी-वन परीक्षेत एकदा नापास झालेली. जर्मनीतल्या वृद्धाश्रमाने तिच्यासाठी जागा धरून ठेवली होती, पण एवढ्या एका प्रयत्नापुरतीच. सराव परीक्षेत मी तिला विचारलं, उद्याचा बेत काय? ती म्हणाली, “इश विल नाख बर्लिन मॉर्गन मिट डेम त्सूग फारेन.” पुढच्या तिघींनीही वाक्यात बर्लिन आधी कोंबलं.

मी नर्सवर चिडलो. नियम पाठ करत नाही, अशानं जागा जाईल, असं बरंच काही बोललो. तिने ऐकून घेतलं आणि सगळे गेल्यावर थांबली.

“सर, नियम मले पाठ आहे. पण बोलाले लागली की डोळ्यापुढे काका येतात. तुम्ही त्यायले हटकत काहून नाही?”

“माझी पोरगी त्यांच्या घरी दिली आहे,” मी म्हटलं.

“मग काकायले राहू द्या,” ती म्हणाली. “कूलर हटवू.”

तिने आणि मी मिळून कूलर ढकलत दाराशी नेला. वायर पुरेना, म्हणून तिने वरून एक्स्टेन्शन आणलं. दुसऱ्या दिवशी इवाई आले, खिडकीकडे वळले, थबकले. कूलर शोधला. मग हॉल ओलांडून ‘फारेन’च्या खुर्चीला टेकून उभे राहिले.

“इकडे बरं वाटते,” ते म्हणाले. “पाणी भरायलेही सोयीचं. डोकं लढवलं गा तुम्ही, इवाई.”

मी नाही म्हटलं नाही.

उरलेले दिवस ठिकाण क्रियापदाला चिकटून उभं राहिलं, मॉर्गनची पाटी पुन्हा पुढे आली. परीक्षा पुण्याला होती. संध्याकाळी नर्सचा फोन आला. तोंडी परीक्षेत सोबतीबरोबर सहलीचा बेत ठरवायचा होता. “सर, मी मनातल्या मनात हॉलमधून चालत गेली. वेळ झाली, कारण झालं, गाडी झाली. दाराशी पोहोचली तर काका उभे. मग म्हटलं, आता बर्लिन.”

निकाल लागला, ती पास झाली, जागाही मिळाली. पेढे घेऊन आली तेव्हा इवाई इथेच होते. माझ्या पद्धतीचं कौतुक सोयऱ्याधायऱ्यांत त्यांनीच पसरवलं, आणि मी पेढा खात गप्प बसलो. कूलर हलवायचं तिला सुचलं, तोही माझ्या भिडस्तपणामुळे हलवावा लागला. इवाई हे वाचतील तेव्हा रागावतील. पण ते सध्या जर्मनीत आहेत, आणि तिकडे कूलर नसतो, तेव्हा कुठे उभे राहतात कोण जाणे.