मागच्या गल्लीतलं दार

टेम्पोवाल्याला सारी पेठ ‘वाटाड्या’ म्हणायची. कपाटं, पलंग पोचवता पोचवता शहराची एकेक गल्ली त्याच्या डोक्यात अशी बसली होती, जसा जुन्या वहाणेत पाय. रस्ता विचारणं म्हणजे त्याला उसनं मागणं वाटे. बायको शेजारणींना सांगे, “आमचे हे शहराला वळसा घालतील, पण कुणाला विचारायचे नाहीत.”

एका रविवारी दुपारी तिच्या छातीवर कुणी जातं ठेवल्यागत झालं. अंगाला दरदरून घाम, डावा हात जड. रुग्णवाहिकेला फोन लावला, तर ती लांब गेलेली, यायला वेळ लागणार. मग त्याने बायकोला टेम्पोत पुढे बसवलं. सून तिला धरून बसली.

“मामंजी, दवाखान्यात फोन करून विचारू का, कुठल्या दारानं यायचं ते?”

“विचारायचं काय त्यात? तिथले पलंग मी पोचवलेत!”

मोठ्या रस्त्यावर दवाखान्याची भलीमोठी पाटी आली. सुनेच्या फोनमधला नकाशाही म्हणाला, पोचलात. पण दाराला साखळी. काचेआड रिकाम्या खुर्च्या. हे रोजच्या तपासणीचं दार, रविवारी बंद. टेम्पोवाल्याने साखळी हलवली, हाक मारली. कुणी आलं नाही.

तो टेम्पोपाशी परतला, तर बायकोचे ओठ पांढरे पडलेले.

“अहो,” ती पुटपुटली, “आता तरी विचारा.”

सुनेने केव्हाच दवाखान्याचा नंबर लावला होता. त्याने हात पुढे केला. “दे इकडे.” आणि फोनवर बोलला, “बाई, मी चुकलोय. मोठ्या दारापाशी उभा आहे. बायकोच्या छातीत दुखतंय. कुठून येऊ?”

“त्यांना खाली उतरवू नका, चालवूही नका,” पलीकडची बाई शांतपणे म्हणाली. “तसेच पुढे या. औषधाच्या दुकानापाशी डावीकडे, मग पुन्हा डावीकडे. मागच्या गल्लीत लाल पाटी आहे, ‘तातडीची सेवा’. ते दार कायम उघडं असतं. मी स्ट्रेचर बाहेर पाठवते.”

फोन सुनेकडे देऊन त्याने टेम्पो काढला. पाढे म्हणावेत तसा तो मोठ्याने म्हणत गेला, “दुकानापाशी डावीकडे, पुन्हा डावीकडे.” गल्ली अरुंद, पण पाटी लखलखीत. दारापुढच्या उतारावर नर्स आणि वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन उभेच होते. बघता बघता बायको आत गेली.

छातीचा ईसीजी काढून डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. “हृदयाची एक नळी बंद झालीय. लगेच उघडायला नेतोय. वेळेत आणलंत.”



दिवेलागणीला त्याला आत सोडलं. बायकोच्या ओठांवर रंग परतला होता.

“टेम्पो कुठं लावलाय?” तिने विचारलं.

“त्या दारातच सोडला होता. रखवालदारानं अशी खरडपट्टी काढली म्हणतेस!”

“बरं केलं त्यानं. मागून दुसरा कुणी आजारी माणूस घेऊन आला असता तर?”

“तेच म्हणाला तो,” टेम्पोवाला म्हणाला, आणि तिच्या पायांवरची चादर नीट करू लागला.