देवघरातला राउटर

लतिका क्षेमकल्याणी मूळची सिन्नरची. लग्नाआधी एका कारखान्याच्या ऑफिसात हजेरीपत्रकं सांभाळायची. लग्न करून पंचवटीत आली आणि नोकरी सुटली. कुणी ‘सोड’ म्हटलं नाही. “जायला दीड तास, यायला दीड तास, तूच ठरव बाई,” एवढंच सासूबाई म्हणाल्या होत्या. सासूबाई आता नाहीत. सासरे आहेत, शामसुंदर गुरुजी. गोदाकाठी, म्हणजे घरच्या बोलीत गंगेवर, पिढ्यान्‌पिढ्या यात्रेकरूंची धर्मकार्यं करणाऱ्या घरातले. नवरा महेश सहकारी पतपेढीत आहे.

चाळिशी ओलांडल्यावर लतिकानं घरबसल्या व्हिडिओ कापायला, जोडायला शिकून घेतलं. मागच्या बंद केलेल्या बाल्कनीत एक टेबल, एक लॅपटॉप. वॉशिंग मशिनला खेटून. पुण्यातली एक कंपनी डॉक्टरांच्या प्रशिक्षणाचे व्हिडिओ बनवते. दोन वर्षं ती त्यांची फुटकळ कामं करत होती. कार्तिकात तिथल्या उज्वला मॅडमचा फोन आला.

“लतिकाताई, कायमची जागा निघालीय. घरूनच काम. पण एक आठवडा रोजची फाइल त्याच दिवशी चारच्या आत परत हवी. ऑपरेशनचं कच्चं शूटिंग असतं, चाळीस जीबी एकेक. जमेल?”

“जमेल,” लतिका म्हणाली.

फोन ठेवून तिनं सरावाची एक फाइल उतरवायला लावली. स्क्रीनवर आलं: उरलेला वेळ बारा तास.

इंटरनेटचा प्लॅन शंभर एमबीपीएसचा होता. पण राउटर देवघरात होता.

तो तिथे गेला नवरात्रात. गुरुजी खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं पुजतात. विळी, पान्हा, महेशची स्कूटर. परदेशातल्या यजमानांची तर्पणं टॅबवरून करायला लागल्यापासून राउटरही पाटावर आला. हळदकुंकू लागलं, झेंडूची माळ पडली. दुसऱ्या दिवशी बाकीची हत्यारं आपापल्या जागी गेली. राउटर राहिला.

“लक्ष्मीच आहे ती,” गुरुजी म्हणाले. “हिच्यावरून यजमान येतात. देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात बरी आहे.”

त्या कप्प्याला मागून आणि दोन्ही बाजूंनी पितळी पत्रा ठोकलेला. देव्हारा पुढच्या खोलीत, लतिकाची बाल्कनी अगदी मागे. मध्ये पॅसेज, दोन भिंती आणि फ्रिज.

तिनं वायफायवाल्याला बोलावलं. वाल्मीक आला, सायखेड्याचा, खांद्याला शिडी. चप्पल दाराबाहेर काढून थेट देव्हाऱ्यासमोर उकिडवा बसला.

“आयला... माफ करा गुरुजी. पण ह्यो हितं काय करतोय?”

“विराजमान आहे,” गुरुजी म्हणाले.

“विराजमान हाय, पण कोंडलाय ना. समोरून पत्रा नाय म्हणून ह्या खोलीत चालतंय.” त्यानं मोबाइलवर वेग मोजला. “बघा, हितं चौऱ्याण्णव.” मग बाल्कनीत जाऊन आला. “आणि ताईंच्या टेबलावर सात.”

“शंभराचे पैसे भरून सात?” लतिका म्हणाली.

“ताई, राउटर दोन लहरींवर बोलतो. एक चोवीसवाला, म्हणजे दोन पॉइंट चार. त्यो लांब जातो, भिंतीतून जातो, पण सावकाश. आणि ह्या बिल्डिंगीत घराघरात त्योच चालू, म्हणून गर्दी लय. दुसरा पाचवाला. लय पळतो, त्याच्यात गर्दी कमी. पण भिंत आली का दमतो. तुमचा लॅपटॉप पाचवाल्याला चिकटलाय आणि त्यो दमून तिथं पोचतोय.”

“मग चोवीसवर टाकू?”

“टाका.” तिनं टाकलं. अठरा. “सातापेक्षा बरं. पण तुमची चाळीसची फाइल पाच तास खाईल.”

“अहो, आमच्या मोबाइलात फाइव्ह जी आहे,” गुरुजी मध्येच म्हणाले. “तेच का हे?”

“ते येगळं, गुरुजी. ते टॉवरचं. हे पाच गिगाहर्ट्झ, घरातल्या घरातलं. नाव सारखं म्हणून लोक फसतात.” वाल्मीक पॅसेजमध्ये उभा राहून माळ्याकडे बघत होता. “ह्यो जर हितं बसवला, उंच, मोकळा, घराच्या मधोमध, तर पुढं पण जाईल, मागं पण जाईल. किंवा ताईंपर्यंत वायरच ओढतो. ते सगळ्यात बेस.”

“फरशीला, चौकटीला भोकं पाडायची नाहीत,” गुरुजी म्हणाले. “आणि देवाच्या जागेवरून काहीएक हलवायचं नाही.”

लतिकानं महेशकडे पाहिलं. महेश घड्याळाचा पट्टा नीट करत होता.

“एकच आठवडा, बाबा,” ती म्हणाली. “माझ्या नोकरीचा प्रश्न आहे.”

“नोकरी,” गुरुजी म्हणाले. नुसता तो शब्द. मग, “करा. माझं काय, मी टॅब घेऊन गंगेवर बसेन.”

वाल्मीकनं फायबरची जास्तीची वायर सोडली, माळ्याच्या कडेला राउटर बसवला. माळ मात्र गुरुजींनी काढून घेतली. दोन नेटवर्कांना दोन नावं दिली: ‘गुरुजी चोवीस’, ‘गुरुजी पाच’. बाल्कनीत लतिकानं ‘पाच’ धरला. ब्याऐंशी. चाळीस जीबी, सव्वा तासाच्या आत.

“देव्हाऱ्यापाशी पण बघा की गुरुजी, सत्तर मिळतंय. तुमच्या कॉलला दहा पण पुष्कळ,” वाल्मीक म्हणाला. गुरुजींनी टॅब पाहिला नाही.

पाच दिवस लतिका पळत होती. दहाला फाइल लागायची, सव्वाअकराला उतरायची, तीनला पुण्याला परत. पाचव्या दिवशी उज्वला मॅडम म्हणाल्या, “उद्याची एक झाली की पत्र पाठवते.” लतिकानं हे महेशला सांगितलं. तो म्हणाला, “आधी मिळू दे.”

सहावा दिवस शनिवार, अमावास्या. अमेरिकेतल्या यजमानांच्या वडिलांचं तर्पण, तिकडे रात्र असली तरी इथल्या मुहूर्तानं, अकरा वाजता. पितरांचा नैवेद्य सोवळ्यात, आणि सोवळ्यात मोबाइल नाही, लॅपटॉप नाही. दहाला तिनं फाइल लावली, लुगडं नेसली, स्वयंपाकघरात शिरली. खीर, वडे, भाजी. कंपनीची ती लिंक अशी होती की मध्येच तुटली तर पुन्हा शून्यापासून. पण तुटणार कशाला? सव्वा तासाचंच तर काम होतं.

पावणेअकराला पुढच्या खोलीतून आवाज आला.

“हॅलो? यजमान? दिसत नाही तुम्ही. हॅलो?”

“बाबा, त्यांच्याकडचं नेट गेलं असेल,” लतिका आतून म्हणाली. तिच्या दोन्ही हातांना वड्याचं पीठ.

“त्यांच्याकडचं कसं जाईल? अमेरिका आहे ती! महेश, शिडी आण.”

“बाबा, आता नको.”

“महेश!”

शिडी आणल्याचा आवाज आला. लतिका चुलीपाशी उभी राहिली. सोवळं मोडून बाहेर यायचं तर पुन्हा आंघोळ, पुन्हा स्वयंपाक, आणि यजमान खोळंबलेले.

“अहो, तो बंद करू नका!” ती ओरडली. “माझी फाइल चाललीय!”

“दोन मिनिटांचं काम आहे गं,” महेश म्हणाला.

दोनच मिनिटं लागली. प्लग निघाला, राउटर वायर गुंडाळून पुन्हा देव्हाऱ्याखाली गेला, प्लग लागला. पाच मिनिटांनी यजमान दिसले. “सॉरी गुरुजी, आमच्याकडे राउटर रीस्टार्ट करावा लागला,” ते म्हणाले. हे लतिकानंही ऐकलं, महेशनंही. गुरुजी म्हणाले, “आचमन करा.”

नैवेद्य देऊन साडेअकराला ती सुटी झाली. लॅपटॉपवर लाल अक्षरांत आलं होतं: डाउनलोड अयशस्वी. नव्यानं लावलं. बारा तास. चोवीसवर टाकलं. पाच तास. मोबाइलच्या डेटात दिवसाचे दीड जीबी. लॅपटॉप उचलून ती पॅसेजमध्ये आली, पण इकडे देव्हाऱ्याची पत्र्याची पाठ. ‘पाच’ येतोय न येतोय.

तिनं पुढच्या खोलीचं दार ढकललं.

“बाबा, कोपऱ्यात बसते. आवाज करणार नाही.”

गुरुजींनी टॅबवरची नजर काढली नाही. “दिसतेस तू. बाजूला हो. लोकांच्या वडिलांचं कार्य आहे.” मग टॅबकडे गोड आवाजात, “ही आमची सूनबाई. नैवेद्य तिच्या हातचा.”

“नमस्कार वहिनी,” यजमान अमेरिकेतून म्हणाले. लतिकानं नमस्कार केला आणि दार ओढून घेतलं.

एक वाजता तर्पण संपलं. ती देव्हाऱ्यासमोर फरशीवर बसली. ‘पाच’, चौऱ्याण्णव. तोवर चोवीसवर जे काही उतरलं होतं ते सोडून दिलं, पुन्हा शून्यापासून लावलं. तेच लवकर होणार होतं. दोनला फाइल आली. बाजूला पिंडाचा भात, तीळ, ओले पाट. तिथेच बसून ती कापत राहिली. महेशनं पान वाढून ठेवलं होतं. “थंड होतंय,” असं तो दोनदा म्हणाला.

पाच वाजून दहा मिनिटांनी तिनं फाइल पाठवली.

सहाला उज्वला मॅडमचा फोन आला. “ताई, काम उत्तम आहे, खरंच. पण त्या हॉस्पिटलचं साडेचारला प्रक्षेपण होतं. नागपूरच्या मुलीची फाइल घ्यावी लागली.”

“आज जरा घरात...”

“कळतंय हो. पण वर विचारतात, यांच्याकडे नेट भरवशाचं आहे का? मी काय सांगू?”

लतिकाला सांगता येण्यासारखं पुष्कळ होतं. ती म्हणाली, “बरोबर आहे.”

“फुटकळ कामं देत राहीन मी. नक्की.”

रात्री जेवायला बसल्यावर गुरुजी खुशीत होते. यजमानांनी आणखी दोन कुटुंबं जोडून दिली होती. “खिरीचं नुसतं बघूनच फार कौतुक केलं त्यांनी,” ते म्हणाले. “पुढच्या अमावास्येलाही हाच बेत.”

“राउटर परत माळ्यावर लावायचा का?” लतिकानं विचारलं. ताटाकडे बघून, कुणाला असं नाही.

गुरुजींनी खिरीची रिकामी वाटी पुढे सरकवली. महेशनं भात कालवला.

“आता काय घाई आहे?” तो म्हणाला. आवाज मऊ होता, समजूत घालणारा. “फुटकळ तर कामं. चोवीसवर पाच तास लागले तरी चालतील ना तुला.”

“चालतील,” लतिका म्हणाली, आणि गुरुजींना आणखी खीर वाढायला उठली.