उजव्या हाताचं घर

दर रविवारी एक म्हातारे काका माझ्या टपरीवर चहा घेतात आणि बालमित्राचं घर शोधायला निघतात. "विहिरीपासून उजव्या हाताले, चिंचेसमोर." चिंच कधीच तोडली गेली. विहिरीवर जाळी आहे, उजवीकडे नुसती दुकानं. तरी ते उजवीकडेच वळतात.

परवा मी विचारलं, "काका, लहानपणी तुम्ही इकडूनच येत होते का?"

"नाही गा. हा रस्ता कुठं होता तवा? नाल्याकडून येत होतो."

मी त्यांना नाल्यापर्यंत नेलं आणि तिथून परत चालवत आणलं. आता विहिरीपाशी त्यांचा उजवा हात दुकानांसमोरच्या गल्लीकडे आला. तिथं एक जुना ओटा होता. त्याच्या फुटक्या कोपऱ्यावरून त्यांनी बोट फिरवलं, दाराच्या घंटीकडे पाहिलं आणि मागे फिरले.

"काहून, काका?"

"आत तो नसला तं पुढच्या रविवारी कोणाले शोधू गा?"