आखणीच्या दिवसांतला शरद

पेणच्या गणपती कारखान्यात शरद पहिल्यांदा दिसला, तेव्हा तो रंगकामाने नखशिखांत इतका सोनेरी झाला होता की मूर्ती समजून मी हात जोडले. पुढे तो आमच्या ग्रुपमध्ये आला, पण आम्ही रोह्याचे मित्र भलते रुसके. एका वर्षी गणपतीच्या हंगामात शरदचं उत्तर आलं नाही म्हणून आमच्यातल्या गोपाळने अबोलाच धरला. तेव्हापासून दर श्रावणात ग्रुपवर शरदचा आवाज यायचा, "गड्यांनो, गणपतीचे डोळे आखतोय. चतुर्थीपर्यंत उत्तर उशिरा येईल, राग नाय. तुमचे फालतू विनोद थांबवू नका, जेवताना ऐकतो. अडचण आली तर सरळ फोन करा." गोपाळ उत्तर द्यायचा, "देव परवडला, तो लवकर पावतो!" विसर्जनानंतर शरद प्रत्येक विनोदावर शिळं हसू पाठवायचा.

आता तो कारखाना सोडून धाटावच्या एमआयडीसीत एका कंपनीत आहे. विनोदालाही लगेच 'ओके' पाठवतो.