दुरुस्त्या किती?

संगमनेरातल्या ज्या छापखान्यात मी वीस वर्षं लग्नपत्रिकांची अक्षरं जुळवली, तो बंद झाला तेव्हा घरच्यांनी माझ्यासाठी कापडदुकानातली नोकरी शोधून ठेवली होती. साड्या उलगडायच्या आणि परत घड्या घालायच्या. मी म्हटलं, तुळशीच्या लग्नापर्यंत मुदत द्या. तोवर घरबसल्या कॉम्प्युटरवर माझं स्वतःचं गिऱ्हाईक मिळालं नाही, तर घालीन घड्या.

ऑनलाइन कामं मिळवून देणाऱ्या एका बाजारात मी जाहिरात टाकायला बसले. तिथे आधी शीर्षक लागतं. मी ऐटीत लिहिलं, ‘सुबक, सात्त्विक आणि मनाजोगं पत्रिकाकार्य’. चित्र म्हणून माझ्या हातची सर्वांत देखणी पत्रिका लावली, चाळीस नावांची. पंधरा दिवस कुत्रंसुद्धा फिरकलं नाही.

शेवटी शेजारणीच्या हातात फोन दिला. तिच्या भाचीचं लग्न ठरत होतं. म्हटलं, तुला पत्रिका हवी आहे, शोध. तिने क्षणात टाइप केलं, ‘मराठी लग्नपत्रिका व्हॉट्सॲप’. मी कुठेच नव्हते. खूप खाली सरकल्यावर सापडले, तर माझं चित्र नखाएवढं दिसत होतं आणि त्यातली चाळीस नावं म्हणजे मुंग्यांची रांग. ‘हे काय, रेशनकार्ड आहे का?’ ती म्हणाली. मला राग आला, पण तिचं खरं होतं.

त्याच दुपारी शीर्षक बदललं: ‘मराठी लग्नपत्रिका डिझाइन, व्हॉट्सॲप आणि छपाईसाठी’. चित्रासाठी नवी पत्रिका केली. पिवळी पार्श्वभूमी, वर मोठ्या अक्षरांत ‘लग्नपत्रिका’, खाली वधूवरांची दोन काल्पनिक नावं, बस्स. फोन हातभर लांब धरूनही वाचता येईपर्यंत अक्षर मोठं करत राहिले.

मग तीन पॅकेजं. पहिल्यात फोनवर पाठवायची एक पानाची पत्रिका, तीन दिवसांत. दुसऱ्यात तीच, शिवाय छपाईची फाइल. तिसऱ्यात साखरपुडा, हळद आणि लग्न असा पूर्ण संच, आठ दिवसांत. प्रत्येकाची किंमत ठरलेली, घासाघीस नाही. प्रत्येक पॅकेजखाली एक रकाना होता, दुरुस्त्या किती? मी विचारसुद्धा केला नाही. तिन्हीकडे ‘अमर्याद’ निवडलं. पत्रिका म्हटली की दुरुस्त्या लग्नघरच्या मामांचं समाधान होईपर्यंत, हीच माझी शाळा.

चार दिवसांत पहिली ऑर्डर आली, काष्टीहून, सर्वांत स्वस्त पॅकेजची. मी देवापुढे साखर ठेवली. मग दुरुस्त्या सुरू झाल्या. थोरल्या चुलत्यांचं नाव आधी घ्या. धाकट्यांना वाईट वाटेल, एका ओळीत घ्या. आत्याच्या यजमानांचं राहिलं. मामांनी पाहिलंच नव्हतं, आता पाहिलं. चौदाव्या वेळी तर चुलते परत वर गेले, म्हणजे पहिल्यासारखंच झालं. गिऱ्हाईक भला माणूस होता, दर वेळी ‘ताई, तेवढं करा’ म्हणायचा. मीच ‘अमर्याद’ लिहिलं होतं, बोलणार कोणत्या तोंडाने?

नवव्या दिवशी भाजीबाजारात छापखान्याचे जुने मालक भेटले. मी आपलं रडगाणं गायले आणि वर सुनावलंसुद्धा, ‘तुमच्याकडे आपण दुरुस्तीचा पैसा कधी घेतला नाही, तरी छापखाना चाललाच ना!’

मालकांनी पिशवी खाली ठेवली. ‘दुरुस्ती फुकट न्हवती, बाई,’ ते म्हणाले. ‘गिऱ्हाईक रात्री आठला आलं तरी तुमी बसायच्या. त्याचं मी कधी दिलं न्हाई. तुमी मागितलं न्हाई, म्हून मी दिलं न्हाई. फुकट तुमी हुत्या.’

मी कोथिंबीर घेतली आणि घरी आले. त्यांचा राग आला होता, त्याहून जास्त माझा. घरी मुलं जेवून झोपलेली असायची आणि मी कुणाच्या तरी आत्याचे यजमान वरच्या ओळीत बसवत असायचे, आणि वर त्याचा अभिमान बाळगायचे.

काष्टीची ऑर्डर मी जुन्या अटींवरच, कबूल केल्याप्रमाणे पुरी केली. पण जाहिरात त्याच दिवशी बदलली. पहिल्या पॅकेजला दुरुस्त्या दोन, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला पाच. त्यापुढच्या प्रत्येक दुरुस्तीला वेगळा दर. ऑर्डर देताना भरायच्या प्रश्नांत पहिलाच प्रश्न टाकला: ‘घरातल्या सर्वांनी नावांचा क्रम मान्य केला आहे का?’

तुळशीच्या लग्नाला आठवडा उरला असताना श्रीरामपूरच्या एका मुलीची ऑर्डर आली, पहिलंच पॅकेज. दोन दुरुस्त्या झाल्या. मग तिसरी आली, काकूंचं नाव घालायचं होतं. मी उत्तर टाइप केलं, ‘याचे वेगळे पैसे पडतील’, आणि खोडलं. पुन्हा टाइप केलं. समोरची आपल्याला काय म्हणेल, ऑर्डरच रद्द करेल का? शेवटी डोळे मिटून पाठवलं.

मिनिटभरात उत्तर आलं, ‘हो ताई, चालेल. किती?’

माझ्या जादा कामाचे किती, हे वीस वर्षांत मी एकदाही विचारलं नव्हतं. मला रडूच आलं.